न्यू जर्सीच्या बहिणीला मुलीचा परिचय पाठवायचाय, इंग्रजीत कसा लिहू?

घंटाळीकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मुलीच्या लग्नाचं पाहणं सुरू आहे. माझी मावसबहीण बरीच वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिच्या ओळखीत मराठी कुटुंबं पुष्कळ. ती म्हणाली, "दादा, मुलीचा परिचय इंग्रजीत पाठव. इथली मुलं मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. आईवडिलांना पाठवला तरी ते तो मुलाकडेच ढकलणार."

मराठी परिचय तयार आहे. नौपाड्यातल्या मंडळात बायोडेटा दिला, त्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर हाच जातो. नावगाव काढून इथे देतो :

"सप्रेम नमस्कार वि. वि. आमची कन्या चि. सौ. कां. ... हिचे लग्नाचे कर्तव्य आहे. जन्म ०२/१२/१९९६, ठाणे. उंची ५ फूट ३ इंच, वर्ण निमगोरा. बी.ई. (आयटी), प्रथम श्रेणी. ऐरोली येथे खाजगी कंपनीत नोकरी, वार्षिक उत्पन्न १४ लाख. रास सिंह, नक्षत्र मघा, गण राक्षस, नाडी अंत्य, मंगळ नाही. मुलगी मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष. वडील निवृत्त, आई गृहिणी, धाकटा भाऊ शिकत आहे. ठाण्यात स्वतःची जागा. मामेकुळ ..., वाई. अपेक्षा : उच्चशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप. परदेशस्थ चालेल. आपल्या पाहण्यात योग्य स्थळ असल्यास कळवावे ही नम्र विनंती."

धाकट्या चिरंजीवांनी याचं इंग्रजी करून दिलं. (इथे रोमन टाइप होत नाही, म्हणून देवनागरीतच लिहितो.) सुरुवात, "देअर इज ड्यूटी ऑफ मॅरेज ऑफ अवर डॉटर." पुढे, "शी इज होमली अँड मिक्सिंग टाइप." आणि शेवटी, "फॉरेन ऑल्सो विल डू." सौ.ने ते वाचून फोन बाजूला ठेवला.

माझी अडचण अशी. फुशारकी वाटू नये, आपला नम्रपणा राहावा आणि महत्त्वाची माहिती गळू नये. हे तिन्ही एकत्र कसं जमवायचं?

---

कोपरीचा_काका

स्थळ उत्तम वाटतं. माझा भाचा पुण्याला आहे, मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३१, निर्व्यसनी, हिंजवडीत नोकरी, पिंपळे सौदागरला फ्लॅट. नाडी आद्य, म्हणजे अडचण नाही. पत्रिका कुठे पाठवू?

---

घंटाळीकर

काका, आभार. व्यक्तिगत निरोप करतो. इथे प्रश्न इंग्रजी मजकुराचा आहे.

---

नेरूळची_मीरा

मी निवृत्त होईपर्यंत मराठी-इंग्रजी अनुवादाचं काम केलं. आता नेरूळला एका वधूवर मंडळात मदत करते, तेव्हा असे परिचय दर आठवड्याला हातात येतात.

पहिली गोष्ट. तुमच्या बहिणीला मराठी येतं. इंग्रजी तिच्यासाठी नाही, ती ज्यांना पाठवणार त्यांच्यासाठी आहे. म्हणून दोन मजकूर करा. बहिणीला नेहमीसारखं मराठीत पत्र लिहा, ख्यालीखुशाली, नम्र विनंती, सगळं त्यात. आणि दुसरा इंग्रजी मजकूर वेगळा, जो ती जसाच्या तसा पुढे पाठवू शकेल. हे दोन्ही एकाच निरोपात कोंबलं की गोंधळ होतो. "अवर डॉटर" असं लिहिलेलं बहिणीच्या नंबरवरून गेलं की समोरच्याला वाटतं, मुलगी हिचीच. त्यामुळे इंग्रजी मजकूर तृतीय पुरुषात ठेवा, "ठाण्यातलं एक कुटुंब आपल्या मुलीसाठी पाहतं आहे" अशा धाटणीचा.

दुसरी गोष्ट नम्रपणाची. आपल्या मराठी परिचयात तो ठरलेल्या वाक्यांत असतो. सप्रेम नमस्कार, नम्र विनंती, आपल्या पाहण्यात असल्यास. ही वाक्यं शब्दशः इंग्रजीत नेली की सरकारी अर्ज वाटतो. तिथे नम्रपणा विशेषणं कमी केल्याने येतो. "मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष" हे मराठीत कोणी शब्दशः घेत नाही, तो रिवाज आहे. इंग्रजीत वाचणारा ते आईवडिलांनी केलेलं मुलीचं कौतुक म्हणून वाचतो.

आणि "होमली" तर अजिबात नको. आपल्याकडच्या इंग्रजी जाहिरातींत त्याचा अर्थ घरगुती वळणाची मुलगी. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. चिरंजीवांना रागावू नका, आपल्याकडे वर्षानुवर्षं पेपरात हेच छापून येत होतं.

---

ऋता_ऐरोली

मुलीला हा मजकूर दाखवलाय का? मी साधारण त्याच वयाची, त्याच भागात नोकरी करते म्हणून विचारते. माझा परिचय बाबांनी परस्पर फिरवला होता, मला तो ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईकडून कळला.

---

घंटाळीकर

मराठी तिने पाहिलाय. इंग्रजी अजून नाही, आधी धड होऊ दे म्हटलं.

---

तलावपाळी_७५

थोडी भर घालतो. माझे मेहुणे डॅलसला आहेत.

एक, पगार डॉलरमध्ये लिहा, तिथे लाख कोणाला कळत नाहीत. दोन, जात, पोटजात बिलकुल लिहू नका, अमेरिकेत ते आता बेकायदेशीर झालंय. तीन, तारीख नीट लिहा. तुमची ०२/१२ तिथे फेब्रुवारीची बारा तारीख होते. ते महिना आधी लिहितात.

---

नेरूळची_मीरा

तारखेचं अगदी बरोबर. पत्रिका जुळवायला बसलेल्या माणसाकडे फेब्रुवारीची तारीख गेली तर सगळंच चुकीचं निघणार. महिना अक्षरात लिहायचा, दोन डिसेंबर. खरं तर पहिल्या परिचयात "डिसेंबर १९९६" एवढंच पुरे. वय लिहू नका, परिचय वर्षभर फिरत राहतो आणि वय मागे पडतं.

पगाराचं मात्र पटत नाही. १४ लाखांचे डॉलर केले तर साधारण सोळा हजार होतात. इथे हा आकडा चांगला आहे. तिकडचा वाचक त्याच्या गावच्या पगाराशी ताडून पाहणार आणि मुलगी अर्धवेळ काहीतरी करते असं समजणार. मुलगी तिकडे गेली तर हा पगार राहणारही नाही. म्हणून आकडा गाळा आणि ती काय काम करते, किती वर्षं करते ते लिहा.

---

एडिसनकर_निखिल

मी बारा वर्षांचा असताना डोंबिवलीहून इथे आलो. मराठी वाचतो, पण हळू. मला असे परिचय येतात, म्हणजे आईला येतात आणि ती मला पाठवते.

मीराताईंचं बरोबर आहे. सोळा हजारांत इथल्या साध्या फ्लॅटचं वर्षाचं भाडंही निघत नाही, त्यामुळे आकडा पाहून उगाच दया येते. आणि रासेचं सांगतो. कोणी "लिओ" लिहिलं आणि शेजारी डिसेंबर असेल तर आम्हाला वाटतं यांनी काहीतरी चुकवलंय. इथे रास म्हणजे सूर्याची, आणि लिओ म्हणजे जुलै-ऑगस्ट. चंद्ररास वेगळी असते हे मला आईने समजावलं तेव्हा कळलं.

जातीबद्दल तलावपाळी काकांना थोडं वेगळं सांगतो. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. ती नोकरी, घर भाड्याने देणं, सार्वजनिक सेवा अशा गोष्टींसाठी आहे. कॅलिफोर्नियातलं विधेयक गव्हर्नरने त्याच वर्षी ऑक्टोबरात नाकारलं. खाजगी लग्नाच्या निरोपात काय लिहावं यावर कायदा काही म्हणत नाही. पण माझ्या वयाच्या लोकांना ते वाचून कसंतरी होतं, हे खरं.

---

तलावपाळी_७५

बेकायदेशीर नसेल, पण लिहू नये हा मुद्दा उभा राहतोच ना.

---

घंटाळीकर

जात आम्ही मराठीतही लिहिलेली नाही. आडनाव आणि मामेकुळ वाचलं की ज्याला समजायचं त्याला समजतं.

---

ऋता_ऐरोली

हेच तर. आडनावावरून कळावं अशी सोय ठेवायची आणि वर म्हणायचं की आम्ही लिहिलं नाही.

---

घंटाळीकर

ऋता, तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण यावर वेगळा धागा काढू या का? इथे मजकूर राहून जाईल.

---

नेरूळची_मीरा

मामेकुळाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत बँका आणि इतर खाती ओळख पटवायला "आईचं माहेरचं आडनाव काय" हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारत आल्या आहेत. आपल्या बायोडेटात मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि मामेकुळ एकाच पानावर असतं. असं पान अनोळखी गटांत फिरवणं शहाणपणाचं नाही. मराठी माणसाला मामेकुळ लागतं, कारण नात्यातच स्थळ निघू नये. पण ते दुसऱ्या टप्प्यावर, दोन घरांचं बोलणं सुरू झाल्यावर द्यावं. कंपनीचं नाव, सोसायटीचं नाव, मुलीचा नंबर, जन्मवेळ हेही तेव्हाच. संपर्काला तुमचा नंबर, आणि तोही बहिणीकडे.

आता तुमच्या मजकुरातल्या तीन जागा अशा आहेत की तिथे मी भाषांतर करूच शकत नाही, कारण मराठीतच अर्थ मोघम आहे.

"निर्व्यसनी" म्हणजे नक्की काय? इथे सगळे समजून घेतात, कोणी विचारत नाही. इंग्रजीत मला ठरवावं लागेल. सिगारेट नको? की दारूचा थेंबही नको? पार्टीत एखादा ग्लास वाइन घेणारा चालेल? "नो बॅड हॅबिट्स" लिहिलं तर वाइन घेणारा मुलगा म्हणेल, म्हणजे मी वाईट? आणि ज्याला खरंच कळायला हवं होतं त्याला काही कळणार नाही.

"परदेशस्थ चालेल" हे कोणाचं म्हणणं? तुमचं की तिचं? ती तिकडे जायला तयार आहे, की तोही कधीतरी इथे येऊ शकेल असा मुलगा हवा?

आणि पत्रिका. ती जुळलीच पाहिजे, की फक्त पाहायची? मघा, राक्षस गण, अंत्य नाडी हे सगळं इंग्रजीत आणून काही साधत नाही, आणि राक्षसाचं "डीमन" तर कृपा करून करू नका, मी केलेलं पाहिलंय. पण पत्रिका ही तुमची अट असेल तर ती सुरुवातीलाच सांगा. अट लपवणं हा नम्रपणा नव्हे. फोटो, फोन, दोन महिन्यांचं बोलणं झाल्यावर एकनाडी निघाली म्हणून नकार दिला, तर तिकडच्या मुलाला तो अपमान वाटतो.

या तिन्हींची उत्तरं घरात ठरवून या, मग पुढचं सोपं आहे.

---

कोपरीचा_काका

भाच्याची नाडी आद्य आहे, हे मी वर लिहिलंच आहे. आणि राक्षस गण असला तरी त्याचा मनुष्य गण, तडजोड असते.

---

तलावपाळी_७५

काका, तो मुलगा पुण्याला आहे हो. इथे न्यू जर्सीचं चाललंय.

---

कोपरीचा_काका

त्याच्या कंपनीत परदेशी पाठवतात.

---

घंटाळीकर

काल रात्री जेवणानंतर बसलो. चर्चा लांबली.

मुलगी म्हणाली, सिगारेट नको, दारू कधीमधी घेतली तर हरकत नाही. सौ.ला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, लिहायचं तर दोन्ही नको असं लिहा, नंतर सूट देता येते. मुलगी म्हणाली, मग येणारा मुलगा पहिल्याच भेटीत खोटं बोलेल. मी गप्प बसलो.

परदेशी जायला ती स्वतः तयार आहे, पण नोकरी सोडून बसणार नाही म्हणाली. मी "परदेशस्थ चालेल" लिहिताना हे डोक्यातही नव्हतं.

पत्रिका पाहायची, हे सौ.चं नक्की. मुलीचं म्हणणं, पाहा, पण गुण किती हे मला सांगू नका.

वर्णाचं विसरलोच. "निमगोरा" ठेवायचं की नाही? सौ. म्हणते, इथे सगळे लिहितात, आपण गाळलं तर लोक उलटाच अर्थ घेतील.

---

एडिसनकर_निखिल

गाळा. इथे मजकुरात रंग वाचला की माझ्यासारखा मुलगा पुढचं वाचतच नाही. फोटो असतोच.

आणि नोकरीचा मुद्दा खूप महत्त्वाचा, तो नक्की लिहा. इथे बरेच मुलगे एच-वन-बी व्हिसावर असतात. त्यांच्या बायकोला एच-फोर मिळतो आणि त्यावर लगेच नोकरी करता येत नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्याच्या पुढे गेली असेल, म्हणजे आय-१४० मंजूर असेल, तर तिला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय २०१५ पासूनची. मुलीने "मला काम करत राहायचंय" लिहिलं की मुलाकडचे स्वतःहून सांगतात, मुलगा नागरिक आहे, ग्रीन कार्ड आहे की व्हिसावर आहे. तुम्हाला तो प्रश्न विचारावाच लागत नाही, आणि तो विचारणं थोडं अवघड असतं.

---

नेरूळची_मीरा

निखिलने कामाची गोष्ट सांगितली. वर्णाबद्दल त्याच्याशी सहमत. "गाळलं तर उलटा अर्थ" हे ठाण्यात खरं असेल, एडिसनमध्ये नाही.

आता "मनमिळाऊ" आणि "गृहकृत्यदक्ष" गाळायचे, तर त्यांच्या जागी काय? पोकळी ठेवली तर परिचय कारखान्याच्या नोंदीसारखा कोरडा होतो. माझा अनुभव असा की मुलीने स्वतःबद्दल सांगितलेली एक खरी गोष्ट पाच विशेषणांचं काम करते. तिला विचारा, सुट्टीच्या दिवशी काय करतेस. उत्तर जसंच्या तसं आणा, सजवू नका.

आणि कौतुक कोणी करायचंच असेल तर ते तुमच्या बहिणीने करावं. ती मुलीची आत्या. निरोप पुढे पाठवताना तिने वर एक ओळ घालावी, ही माझी भाची, लहानपणापासून ओळखते, वगैरे. आईवडिलांनी मुलीला मनमिळाऊ म्हणणं आणि आत्याने म्हणणं यात तिकडच्या माणसालाही फरक कळतो. बहिणीच्या मराठी पत्रात तिला तसं सांगून ठेवा.

---

घंटाळीकर

विचारलं. उत्तर : "शनिवारी सकाळी येऊरला चालायला जाते. मोदक चांगले करते, बाकी स्वयंपाक कामचलाऊ." सौ. म्हणाली, हे लिहिणार असाल तर मी मंडळातून नाव काढते.

---

ऋता_ऐरोली

हे लिहाच! मी मुलगा असते तर याच ओळीवर फोन केला असता.

---

नेरूळची_मीरा

काकूंना सांगा, "गृहकृत्यदक्ष" वाचून कोणाला काही आठवत नाही, मोदक आठवतात. आणि स्वतःच्या स्वयंपाकाला कामचलाऊ म्हणणारी मुलगी, यात नम्रपणा आहेच की.

मी मसुदा करते. देवनागरीत लिहिलाय, तुम्ही रोमनमध्ये उतरवून घ्या :

"अ फॅमिली इन ठाणे, निअर मुंबई, इज लुकिंग फॉर अ मॅच फॉर देअर डॉटर, अँड शी इज पार्ट ऑफ द सर्च. शी वॉज बॉर्न इन डिसेंबर १९९६ अँड ग्रू अप इन ठाणे. शी हॅज अ बॅचलर्स डिग्री इन इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड हॅज वर्क्ड इन ... सिन्स ... . शी इज फाइव्ह फूट थ्री.

ऑन सॅटर्डे मॉर्निंग्ज शी वॉक्स इन द येऊर हिल्स बिसाइड द सिटी. शी सेज हर मोदक आर गुड अँड द रेस्ट ऑफ हर कुकिंग गेट्स बाय.

हर फादर इज रिटायर्ड, हर मदर लुक्स आफ्टर द होम, अँड हर यंगर ब्रदर इज स्टिल स्टडींग. द फॅमिली लिव्ह्ज इन देअर ओन होम इन ठाणे. हर मदर्स फॅमिली इज फ्रॉम वाई.

शी इज रेडी टु मूव्ह अब्रॉड अँड वुड वॉन्ट टु कीप वर्किंग. शी वुड प्रेफर समवन हू डझन्ट स्मोक. द फॅमिली डज मॅच हॉरोस्कोप्स. बर्थ डिटेल्स कॅन बी शेअर्ड वन्स बोथ साइड्स वुड लाइक टु टॉक.

इफ धिस डझन्ट सीम राइट फॉर यू, अ शॉर्ट नो इज परफेक्टली फाइन."

काय काम आणि केव्हापासून ते तुम्ही भरा. "बी.ई." असं नुसतं लिहू नका, तिकडे सगळ्यांना कळेलच असं नाही. प्रथम श्रेणी मी मुद्दाम गाळली आहे, नोकरीत इतकी वर्षं झाल्यावर ती कोणी विचारत नाही. "चि. सौ. कां." वगैरे काही इंग्रजीत आणायची गरज नाही, नुसतं पहिलं नाव पुरे. वाई ठेवलं, आडनाव काढलं.

---

तलावपाळी_७५

"देअर ओन होम" ही फुशारकी नाही का? तिथे बऱ्याच जणांची घरं स्वतःची असतात, कर्जावर.

---

नेरूळची_मीरा

काढलं तरी अर्थ बिघडत नाही. मराठीत ही ओळ "माणसं स्थिर आहेत, अंगावर भार नाही" हे सांगण्यासाठी येते. इंग्रजीत ते पोहोचत नाही, नुसती मालमत्ता दिसते. नुसतं "द फॅमिली लिव्ह्ज इन ठाणे" लिहिलं तर बरं. घंटाळीकरांनी ठरवावं.

---

एडिसनकर_निखिल

शेवटच्या ओळीबद्दल शंका. इथे नको असेल तर लोक उत्तरच देत नाहीत, आणि सगळ्यांना ते कळतं. "शॉर्ट नो" मागितलं की उलट दडपण येतं. आई म्हणेल, आता नकार कसा कळवू त्यांना. त्यापेक्षा "नो नीड टु रिप्लाय" लिहा.

---

नेरूळची_मीरा

पण मग ठाण्याच्या टोकाला वाट पाहत बसतात ना. आमच्या मंडळात सगळ्यात जास्त तक्रार हीच, होय नाही काहीच कळवत नाहीत. आपल्याकडे उत्तर न देणं म्हणजे अजून विचार चाललाय असंही धरतात.

---

एडिसनकर_निखिल

तो तुमच्याकडचा प्रश्न झाला. ओळ वाचणारा इकडचा आहे.

---

ऋता_ऐरोली

मधला मार्ग, नकार आत्याला कळवायचा. "यू कॅन जस्ट टेल हर आँट." आत्या तिथलीच, तिला तोंडी सांगणं सोपं.

---

नेरूळची_मीरा

आत्याला विचारल्याशिवाय तिच्यावर हे टाकू नका. काही जणींना हे मध्यस्थीचं काम आवडतं, काहींना नात्यात कटुता येईल अशी भीती असते. निखिलचा मुद्दा मला अजून पुरता पटलेला नाही, पण ओळ त्याच्यासारख्यासाठीच आहे हेही खरं.

---

घंटाळीकर

बहिणीशी बोललो. ती म्हणाली, नकार माझ्याकडे येऊ दे, पण तसं लिहू नकोस, मी तोंडी सांगेन. म्हणून शेवटची ओळच काढली. "ओन होम" काढलं, त्यावर मी थोडा नाराज आहे, कर्ज फेडायला वीस वर्षं गेली. सिगारेटचं मुलीच्या शब्दांत ठेवलं. सौ.ने दारूबद्दल आत्याला मराठी पत्रात वेगळं कळवायला सांगितलंय, ते मुलीला माहीत नाही, इथे कोणी सांगू नका. मोदक राहिले.

नोकरीचं "सॉफ्टवेअर टेस्टिंग, सिन्स २०१८" भरलं. मुलीने वाचून एक बदल केला, "शी इज पार्ट ऑफ द सर्च" ऐवजी "शी इज डुइंग द लुकिंग टू". इंग्रजी बरोबर आहे का?

---

नेरूळची_मीरा

बरोबर आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पाठवताना एक करा. बहिणीने तुमचा निरोप फॉरवर्ड न करता मजकूर कॉपी करून आपल्या शब्दांतल्या ओळीखाली चिकटवावा. वर "फॉरवर्डेड" असं दिसलं की तो पत्ता शोधत फिरणारा निरोप वाटतो. फोटो एकच, साधा, चेहरा नीट दिसणारा, आणि तो मजकुरासोबत नको. समोरच्याने रस दाखवला की मग.

---

तलावपाळी_७५

मेहुण्यांना डॅलसला हाच मसुदा माझ्या पुतणीसाठी वापरला तर चालेल का? ती कळव्याला शिक्षिका आहे.

---

नेरूळची_मीरा

सांगाडा वापरा. पण मोदकांची ओळ तिच्याकडून नवीन घ्या. आणि बी.एड.चं तिकडे आपोआप चालत नाही, प्रत्येक राज्याचा शिक्षकांचा परवाना वेगळा असतो, तेव्हा "वुड वॉन्ट टु कीप टीचिंग" लिहिण्याआधी तिच्याशी बोला.

---

कोपरीचा_काका

घंटाळीकर, व्यक्तिगत निरोप आला नाही अजून.